ताईच्या अंगणातला नळ

रात्री तीन वाजता कोणत्याही गावाचं खरं चारित्र्य कळतं. हे वाक्य मीटरसाहेबांनी पाणीपुरवठा विभागाच्या बैठकीत उभं राहून उच्चारलं, तेव्हा मोठे साहेब चहात बिस्कीट बुडवत होते. चारित्र्य या शब्दापाशी बिस्कीट तुटून कपात पडलं आणि ते चमच्याने बाहेर काढण्यात बैठकीची पुढची काही मिनिटं गेली.

मीटरसाहेबांना म्हणायचं होतं ते एवढंच. त्या वेळी लोक झोपलेले असतात, नळ बंद असतात, टाक्या भरून गेलेल्या असतात. तरीही जे पाणी वाहतं, त्यातलं बरंचसं कुठेतरी फुकट जातं. त्यांच्याच हट्टाने टेकडीखालच्या वस्तीच्या तोंडाशी एक प्रवाहमीटर बसला होता. वस्तीत जाणारं सगळं पाणी त्यातून जायचं आणि त्याची नोंद ऑफिसातल्या पडद्यावर उमटायची. एरवी तीनच्या सुमाराला तासाला सहा हजार लिटर दिसायचे. गेले काही आठवडे सतरा हजार दिसत होते.

"एवढं पाणी मुरतंय, तर रस्त्यावर दिसत का नाही?" मोठ्या साहेबांनी विचारलं. रस्ते खरोखरच कोरडे ठणठणीत होते. "लोक रात्री चोरून भरत असणार. सोमवारपासून त्या वस्तीला एक दिवसाआड पाणी. त्याआधी तुम्हाला गळती सापडली तर ठीक, नाहीतर तो मीटरही काढून टाकू. उगाच डोक्याला ताप."

मीटरसाहेब स्वतः त्याच वस्तीत राहत होते. एक दिवसाआड पाणी आलं असतं, तर कुणाच्या मीटरमुळे आलं हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगायची गरज नव्हती. त्यांच्या बायकोने ते आधीच सांगून ठेवलं असतं.

मग रीतसर चाचणी ठरली. वस्तीत दवंडी पिटली, की गुरुवारी रात्री दोन ते चार पाणी बंद राहील. चावीवाले काका, म्हणजे गावातले सगळे व्हॉल्व्ह आपल्या लांबलचक चावीने उघडणारे आणि बंद करणारे गृहस्थ, एकेक गल्ली बंद करत गेले, आणि मीटरसाहेब मीटरपाशी बसून आकडा बघत राहिले. ज्या गल्लीचा व्हॉल्व्ह बंद केल्यावर आकडा धाडकन खाली येईल, त्या गल्लीत गळती. इतकं ते सोपं होतं.

पहिल्या गल्लीला आकडा जरासा उतरला. दुसरीलाही जरासाच.

"तिसरा आधीच बंद आहे साहेब," काकांचा फोन आला. "चावी तसूभर हलत नाही. गच्च."

"मग गल्लीला पाणी कुठून येतं?"

"पलीकडच्या टोकाने येत असेल. पाण्याचं काय, त्याला वाट सापडते."

मीटरसाहेबांना झोप येत होती, त्यामुळे हे उत्तर पटलं. चौथी, पाचवी गल्लीही बंद झाली आणि तरी मीटर बारा हजारांवर ठाण मांडून बसला. म्हणजे उरली ती मीटर ते व्हॉल्व्ह एवढीच मुख्य लाइन. काकांनी लोखंडी कांडी जमिनीला टेकवून, दुसऱ्या टोकाला कान लावून ती सगळी ऐकून काढली. गळती असली की कांडीतून फुसफुस ऐकू येते. ऐकू आलं ते एका कुत्र्याचं घोरणं.

शुक्रवारी मोठे साहेब खुशीत होते. "सगळं बंद, तरी तुमचा मीटर चालू! अहो, त्याला स्वप्नं पडत असतील."

मीटरसाहेब आपल्या टेबलाकडे वळले. त्यांनी जेवणाचा डबा उघडला, तोच फोन वाजला. ताईचा होता. ताई त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठी, तिसऱ्या गल्लीत राहणारी, आणि धाकटा भाऊ सरकारी नोकरीत लागल्यापासून सरकारच्या प्रत्येक चुकीबद्दल त्याला जातीने जबाबदार धरणारी.

"काय रे, दोन ते चार पाणी बंद म्हणाला होतात ना?"

"हो. का?"

"मी मुद्दाम जागी राहिले. म्हटलं, बघू तरी हे लोक बोलतात ते करतात का. धो धो पाणी! तीनला बघितलं, साडेतीनला बघितलं. तुम्हाला पाणी देता येत नाही हे माहीत होतं. बंदही करता येत नाही?"

"ताई, तो टाकीचा नळ असेल."

"मला शिकवू नकोस. अंगणातला नळ, थेट लाइनचा. बाबांनी बसवलाय, तुझ्या खात्याने नाही."

मीटरसाहेबांचा घास हातातच राहिला. तिसरा व्हॉल्व्ह गच्च बंद, आणि ताईच्या अंगणात धो धो पाणी. पलीकडच्या टोकाने? पण ते टोक तर मीटर बसवताना त्यांनीच उभं राहून बूच मारून बंद करवलं होतं, आणि त्याबद्दल छोटंसं भाषणही केलं होतं. भाषण आठवत होतं. बूच मात्र गुरुवारी रात्री आठवलं नव्हतं.

म्हणजे व्हॉल्व्ह बंद नव्हताच. तो पूर्ण उघडा होता.

"काका," त्यांनी डबा झाकत शेजारी जेवायला बसलेल्या काकांना विचारलं, "तो तिसरा व्हॉल्व्ह बदलला कुणी?"

"मागे दुसऱ्या टोळीने बदलला. आपल्याकडचे संपले होते, म्हणून कुठल्यातरी जुन्या साठ्यातला आणला होता. मला काही त्याला हात लावायची वेळ आली नाही. का हो?"

"जुन्यातले काही व्हॉल्व्ह उलट्या दिशेने बंद होतात. उलटा फिरवून बघू या."

"उलटा म्हणजे उघडेल ना साहेब!"

"उघडलेलाच आहे तो."

तिसऱ्या गल्लीच्या तोंडाशी पोहोचल्यावर काकांनी साहेबांकडे बघितलं, मग चावीकडे, आणि अंगात आल्यासारखी ती उलट्या दिशेने फिरवली. गच्च असलेली चावी लोण्यासारखी फिरली, आणि फिरतच राहिली. शेवटी टेकली. त्याच मिनिटाला मीटरसाहेबांचा फोन वाजला.

"अरे, आता पाणी गेलं!" ताई ओरडली. "आता कुणी घालवायला सांगितलं होतं?"

आयुष्यात पहिल्यांदा ताईचं ओरडणं ऐकून मीटरसाहेबांना हसू फुटलं.

त्या रात्री काकांनी दोन ते चार फक्त तिसरी गल्ली बंद ठेवली, आणि मीटरसाहेब घरी गाढ झोपले. शनिवारी सकाळी पडद्यावर सतराची पायरी सरळ पाचावर उतरलेली होती. मग कांडी गल्लीभर फिरली, आणि ताईच्या घरापासून चार दारं पुढे काकांचे डोळे मोठे झाले. त्यांनी कांडी साहेबांपुढे केली. आत कुणीतरी दात विचकून फुसकारत असावं, तसा आवाज.

रविवारी खणलं. पाइपाचा सांधा फाटला होता, आणि त्याखालीच जुनी बंदिस्त गटारलाइन होती. पाणी रस्त्यावर न येता गुपचूप तिच्यात उतरत होतं आणि थेट नाल्याला जाऊन मिळत होतं. मोठे साहेब खड्ड्याच्या काठावर उभे राहून म्हणाले, "मीटर राहू द्या." एक दिवसाआडचा हुकूम त्यांनी तिथेच मागे घेतला. मीटरसाहेबांच्या छातीवरचा धोंडा उतरला. घरी बायकोने चहा न मागता दिला. काका दिवसभर भेटेल त्याला सांगत होते, की तो व्हॉल्व्ह उलटा आहे हा संशय त्यांना पहिल्यापासूनच होता.

दुरुस्तीसाठी तिसऱ्या गल्लीचं पाणी दिवसभर बंद राहणार होतं. तशी दवंडी आदल्या संध्याकाळीच पिटली होती.

ताईने पाणी भरून ठेवलं नव्हतं.