मॉडेलचा लेयर

भाव बदलणं हे आमच्या दुकानातलं सगळ्यात रटाळ काम. वाशीमच्या बसस्टँडमागे आमचं फ्लेक्सचं आणि डिझाइनचं दुकान आहे. मालक धनराज, छपाईच्या मशीनवर मी, म्हणजे नरेंद्र, आणि कॉम्प्युटरवर धम्मदीपा. साड्यांचा दुकानदार हेमसिंग आमचं जुनं गिऱ्हाईक. त्याच्या प्रत्येक साडीची एक चौकोनी जाहिरात असे. डावीकडे घडी घातलेली साडी, उजवीकडे तीच नेसलेली बाई आणि खाली पिवळ्या गोलात भाव. सण आला की भाव बदलायचे, सण गेला की पुन्हा बदलायचे. हेमसिंगचा सारा जीव त्या पिवळ्या गोलात.

दुसरा कुणी एकेक फाईल उघडून बदलत बसला असता. धम्मदीपानं आधीच सगळ्या फाईली एकाच टेम्प्लेटवर बसवल्या होत्या. प्रत्येकीत तेच लेयर, म्हणजे चित्राचे एकावर एक ठेवलेले थर, त्याच नावाचे: साडी, मॉडेल, भाव. नावं तिनं हातानं दिली होती, कारण मजकुराच्या लेयरला नाव दिलं नाही तर आकडा बदलला की त्याचं नावही बदलतं आणि पुढच्या खेपेला ॲक्शन, म्हणजे एकदा रेकॉर्ड करून ठेवलेल्या पायऱ्या, अडून बसते. एका भावाच्या साड्या एका फोल्डरमध्ये. त्यातली एक फाईल उघडायची, रेकॉर्डिंग सुरू करायचं, भावाचा लेयर निवडून नवा आकडा टाकायचा, रेकॉर्डिंग बंद. मग ती ॲक्शन पूर्ण फोल्डरवर सोडून द्यायची. कॉम्प्युटर आपला एकेक फाईल उघडतो, आकडा बदलतो, सेव्ह करून बंद करतो. तोवर आमचा चहा होई.

सेव्ह मात्र जुन्याच फाईलवर. हा धनराजचा कायदा. एकदा जुन्या भावाची जाहिरात चुकून छापली गेली होती, तेव्हापासून जुनी फाईल दुकानात ठेवायचीच नाही असं त्यानं ठरवून टाकलं. भाव बदलण्यापुरता तो कायदा ठीकच होता, मीही कधी हरकत घेतली नाही.

त्या जाहिरातींतली बाई म्हणजे धम्मदीपाची धाकटी बहीण, सुकेशनी. हेमसिंगला मॉडेल परवडत नव्हती म्हणून धम्मदीपानं किन्हीराजाहून तिला बोलावून घेतलं. बिचारी दिवसभर साड्या नेसत आणि सोडत होती. मागं पांढरा पडदा धरून मी उभा. "नरेंद्रभाऊ, पडदा सरळ धरा ना, मीच वाकडी दिसून राह्यली," असं म्हणून तिनं मला छळलं, आणि त्या हसण्यातच अर्धे फोटो निघाले. कॅमेरा धनराजचा, लग्नाच्या ऑर्डरींचा. त्याचं कार्ड दुसऱ्याच दिवशी रिकामं झालं; फोटो उरले ते फक्त जाहिरातींच्या फाईलींत.

पुढं सुकेशनीचं मानोऱ्याकडं लग्न झालं आणि पहिल्याच बाळंतपणात ती गेली. बाळही गेलं. लग्नाचा अल्बम आणि तिचा फोन सासरच्यांनी दिला नाही. मागितला तर म्हणाले, आता काय करता त्याचं. असल्या माणसांना काय म्हणावं ते मला अजून सुचलेलं नाही.

धम्मदीपा कामावर परतली ती तोंड शिवून. बहिणीचं नाव कुणी काढायचं नाही. गावाहून आईचा फोन आला आणि बोलणं तिकडं वळलं की ही म्हणे, "माय, मी काम करून राह्यली," आणि ठेवून देई. तिची आई, आमची अंजनामावशी, गावात एकटी राहते, शेतात मजुरीला जाते. आईच्या जखमेवरची खपली आपल्या हातून निघू नये, एवढाच पोरीचा हेतू. मला तो तेव्हा शहाणपणाचा वाटला होता.

दिवाळीच्या आधी हेमसिंग नवे भाव घेऊन आला. धम्मदीपानं पहिली फाईल उघडली आणि सुकेशनी पडदाभर हसली. धम्मदीपानं रेकॉर्डिंग सुरू केलं, आकडा बदलला, आणि तिचा हात माऊसवरच थांबला.

"मायच्या नजरेस हे पडलं त तिचं काय होईन, नरेंद्रभाऊ?"

मी म्हटलं, त्या लेयरपुढचा डोळा बंद कर, लेयर राहील पण दिसणार नाही. ती नको म्हणाली. उद्या धनराज तो डोळा पुन्हा उघडेल, आणि सुकेशनी पुन्हा गावभर फिरेल. मग तिनं मॉडेलचा लेयर निवडला आणि उडवून टाकला. रेकॉर्डिंग चालूच होतं. तेवढी एक पायरी ॲक्शनमध्ये वाढली. रिकाम्या जागेचा रंग तसाच ठेवला, रेकॉर्डिंग बंद केलं आणि फोल्डरवर ॲक्शन सोडली. मग पुढच्या भावाच्या फोल्डरवर, तसंच. पडद्यावर सुकेशनी हिरव्या साडीत यायची आणि जायची, जांभळ्या साडीत यायची आणि जायची. धम्मदीपा तिकडं पाठ करून बसली. त्या दिवशी चहा कुणी प्यायला नाही.

हेमसिंगनं पेनड्राइव्ह नेला. बाई दिसत नाही म्हणून बोंबलेल असं मला वाटलं होतं. तो खूश झाला. भाव कसा उठून दिसतो, म्हणाला.

त्यानंतर आठवडाभरात अंजनामावशी दुकानात आली. एसटीनं, मजुरी बुडवून. धम्मदीपा घाबरून उठली, तब्येतीचं विचारू लागली. मावशीनं बसायच्या आधी फोन पुढं केला आणि फोन बिघडला का ते पाहायला सांगितलं. तिनं शेजारच्या पोरीकडून तपासून घेतला होता, ती म्हणे चांगला आहे.

मग हळूहळू कळलं. सुकेशनीच्या लग्नाच्या साड्या हेमसिंगकडूनच घेतल्या होत्या, तेव्हा मावशीचा नंबर त्यानं घेतला आणि त्याचा नंबर मावशीच्या फोनमध्ये आला. हेमसिंग रोज सकाळी एका साडीची जाहिरात व्हॉट्सॲप स्टेटसला टाकतो. दुसऱ्या सकाळपर्यंत ती निघून जाते. कामावर निघायच्या आधी मावशी रोज ते उघडून बसायची. आज पोरगी मोरपिशी नेसली, आज लाल नेसली. पोरीचं नाव काढलं की धम्मदीपा फोन ठेवते, म्हणून तिला कधी सांगितलं नाही.

"आता नुसत्याच साड्या येऊन राह्यल्या," मावशी म्हणाली. "सुकेशनी काहून येत नाही?"

मीच हेमसिंगला फोन लावला. त्यानं जुन्या भावाच्या जाहिराती फोनमधून आणि कॉम्प्युटरमधून कधीच पुसल्या होत्या, कारण जुना भाव दाखवून गिऱ्हाईक भांडतं. अकोल्याच्या एका रिकव्हरीवाल्याला विचारलं. फाईल पुसलेली असती तर काही हाती लागलं असतं, तो म्हणाला, तुम्ही तर तिच्यावरच दुसरी लिहिली, आणि त्यावर आठवडाभर काम केलं. मी फोन ठेवला. मला धनराजच्या कायद्याचा राग आला, हेमसिंगचा आला, आणि तोंड शिवून बसणाऱ्या या पोरीचाही आला.

धम्मदीपानं आईला सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. तुझ्यासाठीच काढली, असंही म्हणाली. मावशीला लेयर वगैरे काय कळणार? तिला एवढंच कळलं की कॉम्प्युटरमध्ये होती आणि हिनं काढली. ती खुर्ची ओढून पडद्यासमोर बसली आणि म्हणाली, दाखव.

धम्मदीपानं पहिली फाईल उघडली. साडी, भाव आणि उजवीकडे कोरी जागा. मावशीनं पदरानं पडदा पुसला. दुसरी उघडायला लावली, तिसरी उघडायला लावली. प्रत्येक कोऱ्या जागेकडे ती सारखाच वेळ पाहायची, एखादीत राहून गेली असेल म्हणून. कॉम्प्युटरनं चहा होईस्तोवर जे उरकलं होतं, ते पाहायला आता दुपार उलटून गेली. गिऱ्हाइकं येऊन परत जात होती. धनराज एकदा डोकावला आणि आल्या पावली मागे फिरला.

बऱ्याच फाईली झाल्यावर मावशी पोरीकडे न पाहता बोलली. आवाज चढलेला नव्हता.

"तुले पाहवत नव्हतं, बाई. मले पाहवत होतं."

धम्मदीपाच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. मावशीनं पडद्याकडे बोट केलं, आणि तिनं पुढची फाईल उघडली.