मंगळवारी इंजिन कुठलं?

फट दिसली की बुजवायची, हा अराबाचा धंदा. फिल्ममध्ये माणसाचं बोलणं कापलं, खोकला काढला, अडखळणं काढलं, की तिथे भोक पडतं. नुसतं गप्प नव्हे, मेलेलं गप्प. खोलीला स्वतःचा एक आवाज असतो, पंख्याचा, भिंतींचा, लांबच्या रस्त्याचा. तो मधेच तुटला की ऐकणाऱ्याला कळत नाही काय झालं, पण तो बिचकतो. म्हणून प्रत्येक मुलाखतीनंतर अराबा सगळ्यांना मिनिटभर गप्प बसवायची आणि ती शांतता रेकॉर्ड करून घ्यायची. धंद्यात तिला रूम टोन म्हणतात. मग टाकोराडी शहरातल्या स्टुडिओत बसून ती शांतता भोकांत भरायची, दोन्ही कडा एकमेकींत मिसळायची. सांधा दिसला तर अराबा कसली!

एफ्रिबामावशी तिच्या आईची सख्खी बहीण, किनाऱ्यावरच्या मासे धुरावणाऱ्या बायकांची म्होरकी. कंपनीला तो किनारा हवा होता, धक्का बांधायला. मावशी देत नव्हती. त्यावर फिल्म करायची टूम फीफीची. फीफी दिग्दर्शक, अराबाचा बारा वर्षांचा मित्र. मावशीच्या भट्टीपाशी बसून शितोची तिखट चटणी लावून केंकी, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे गोळे, आणि मासे इतक्यांदा खाल्ले होते त्याने, की मावशी त्याला "माझा बिनबाळंतपणाचा लेक" म्हणायची.

मुलाखत दोन दिवस चालली, मंगळवारी आणि गुरुवारी. रेकॉर्डिंग अराबाचंच. फक्त गुरुवारी दुपारी बॅटऱ्या संपल्या म्हणून ती गावात गेली, तेवढा वेळ यंत्र फीफीने सांभाळलं.

महिन्याभराने फीफीने कापलेला आवाज धाडला. मावशीच्या एका वाक्याशी अराबा थबकली. पहिला अर्धा भाग मंगळवारचा, मागे नुसत्या लाटा. दुसरा अर्धा गुरुवारचा, मागे होडीच्या इंजिनाची घरघर. सांधा इतका उघडा, की बहिऱ्यालाही कळावा.

तिने फोन लावला. "अरे, हे दोन दिवसांचं एकत्र का शिवलंस?"

"मंगळवारी मावशी नेमकी तिथेच खोकली गं. गुरुवारी तेच पुन्हा म्हणून घेतलं. तू बॅटऱ्या आणायला गेली होतीस ना, तेव्हा. बुजवशील ना? तुला काय अवघड!"

चढली बाई हरभऱ्याच्या झाडावर. घरघर तर काढता येत नाही, ती शब्दांत मुरलेली असते. मग उलटं करायचं, जिथे नाही तिथेही घालायची. गुरुवारच्या शांततेतून तिने एक लांब पट्टी काढली, मंगळवारच्या अर्ध्याखाली हळूच सुरू केली आणि सांध्यापलीकडे नेली. पट्टीत एक कोंबडा आरवत होता. पट्टी दोनदा लावल्यावर तोच कोंबडा दोनदा आरवला असता, म्हणून त्यालाही उडवला. चाळीस वेळा ऐकलं असेल तिने ते वाक्य. पण अशा वेळी कान फट शोधतो, अर्थ नाही. ती मावशीचं ऐकतच नव्हती, मावशीच्या मागचं ऐकत होती.

फिल्म दाखवायची ठरली शाळेच्या सभागृहात, मंगळवारी दुपारी. मंगळवारी समुद्राला विश्रांती, एकही होडी पाण्यात जात नाही, त्यामुळे सगळं गाव मोकळं. खिडक्यांना चादरी लावल्या. आवाज अराबाच्या लॅपटॉपवरून. मावशी नवं कापड नेसून पहिल्या बाकावर.

पडद्यावर मावशी म्हणाली, "आज मंगळवार, होड्या वर आहेत, म्हणून बोलायला बसलेय. कंपनीची माणसं आली होती. म्हणाली, ही जागा द्याल का? देऊ की! जागा काय कुणाच्या बापाची आहे?"

सभागृहात मग जो गलका उठला!

"विकलंस आम्हाला!" धुरावणारी आजोआ किंचाळली. मावशीच्याच हाताखाली वाढलेली बाई. "वर तोंड करून सांगतेस, देऊ की?"

"मी असं बोलले नाही गं!" मावशी उभी राहिली. "देऊ म्हटलं ते शेजारच्या गावाला! वादळात त्यांच्या होड्या फुटल्या, वाळूवर जागा द्याल का, असं फीफीनेच विचारलं होतं!"

"मग तोंड कुणाचं होतं ते?" मागून नाखवा एकोव गरजला. "टीव्हीवर कापाकापी करतात तेव्हा कळतं, मागचा आवाज तुटतो. इथे तुटला का? एका दमात बोललीस, बये!"

तुटला नाही, कारण अराबाने तुटू दिला नव्हता. मावशीच्या गळ्यातला फास तिने स्वतः वळला होता, गाठ कळू नये म्हणून तेलही लावलं होतं.

फीफी दाराशी उभा. ती त्याच्याकडे धावली. "खोकली होती ना रे मावशी? खोकली होती?"

"हळू बोल," तो म्हणाला. "आज ना उद्या जागा जाणारच आहे. पुढच्या तीन फिल्म कंपनी आपल्याला देतेय. आपल्याला, अराबा. तुलाही."

"मेल्या, जिच्या हातचं खाल्लंस तिचीच जीभ कापलीस? आणि सुरी माझी?"

ती लॅपटॉपपाशी गेली. तिने ओरडून सांगितलं, "एकदा ऐका! मग मला काय मारायचं ते मारा!"

तिने ते वाक्य पुन्हा लावलं, पण आपली पट्टी बंद करून. आज मंगळवार, होड्या वर आहेत... मागे नुसत्या लाटा. ही जागा द्याल का? मग खाडकन भोक. आणि लगेच, "देऊ की!", मागे घरघर, घरघर.

एकोव नाखवा उठला. "थांब. पुन्हा लाव."

तिने लावलं.

"मंगळवारी इंजिन कुठलं?" तो म्हणाला. सगळ्यांकडे वळून पुन्हा ओरडला, "अरे, मंगळवारी इंजिन कुठलं!"

गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली गोष्ट. बायकांनी कपाळावर हात मारले. आजोआने मावशीचे पाय धरले. फीफी केव्हाच सटकला होता, त्याची गाडी सुरू झालेली तेवढी ऐकू आली.

मावशीने आजोआला उठवलं आणि अराबाकडे पाहिलं. "पहिल्यांदा लावलंस तेव्हा इंजिन सुरुवातीपासून होतं. ते कुणी घातलं?"

"मी."

"का?"

"तो म्हणाला, तू खोकली होतीस. चाळीस वेळा ऐकून तो सांधा बुजवला मी."

"तो म्हणाला." मावशी हसली, पण ते हसू पाहवत नव्हतं. "टाकोराडीहून माझ्या भट्टीपर्यंत यायला किती वेळ लागतो?"

"अर्धा तास."

"बारा वर्षं त्याला जेवू घातलं, त्याने विकलं. होतं असं. परका तो परकाच. पण तू तर माझा आवाज जन्मल्यापासून ऐकतेस. चाळीस वेळा ऐकलास म्हणतेस आणि मी काय बोलतेय ते एकदाही ऐकलं नाहीस?"

अराबा रडली. मावशीने तिला जवळ घेतलं नाही.

शनिवारी ती भट्टीवर गेली. यंत्र नाही, पिशवी नाही, मोकळ्या हातांनी. बायका मासे उलटत कंपनीविरुद्ध मोर्चाचं बोलत होत्या, हसत होत्या, एकमेकींना शिव्या घालत होत्या. ती आत आली तशा सगळ्या थांबल्या. मावशीने स्टूल पुढे सरकवलं, पानावर केंकी आणि मासा वाढला. अराबाने खाल्लं. शेवटचा घास संपेपर्यंत कुणी ब्र काढला नाही.

"झालं?" मावशीने पान उचललं. "मग नीघ आता, बाळ. आम्हाला बोलायचंय."