ठरवणारा कोण?

मॅडमचा मूळ विषय संख्याशास्त्र. विद्यार्थी पाठीमागे त्यांना ‘टक्के मॅडम’ म्हणत, आणि ते त्यांना ठाऊकही होतं. बारा वर्षं त्यांनी सरासरी, विचलन आणि वारंवारतेचे तक्ते शिकवले होते. मार्केटिंगशी त्यांचा संबंध जाहिरात लागली की टीव्हीचा आवाज बंद करण्यापुरता. पण मार्केटिंगच्या सरांचं मणक्याचं ऑपरेशन झालं, ते दोन महिने रजेवर गेले आणि विभागप्रमुखांनी ‘ग्राहक वर्तन’ हे बेचाळीस पानांचं प्रकरण मॅडमच्या गळ्यात घातलं.

“फार खोलात जाऊ नका,” प्रमुख म्हणाले. “दोन पानी सारांश. प्रत्येक मॉडेलचं नाव ठळक, खाली दोन ओळी अर्थ आणि रोजच्या जगण्यातलं एकच उदाहरण. मुलांना तेवढंच लागतं. सोमवारी द्या, शुक्रवारी चाचणी.”

“एकच उदाहरण?”

“एकच. दोन दिली की मुलं दोन्ही विसरतात.”

काम सोपं वाटलं होतं. मॅडमनी प्रकरण दोनदा वाचून मॉडेलं बाजूला काढली. खरेदी निर्णयाचे पाच टप्पे: गरज जाणवणं, माहिती शोधणं, पर्याय तोलणं, खरेदी आणि खरेदीनंतरचं वागणं. खरेदीतल्या पाच भूमिका: सुचवणारा, मत घडवणारा, ठरवणारा, विकत घेणारा, वापरणारा. मग चार प्रकारांचा तक्ता, म्हणजे ग्राहक किती गुंतलेला आहे आणि ब्रँडांमध्ये त्याला किती फरक दिसतो, यावरून पडणारे चार चौकोन. शेवटी गरजांचा पिरॅमिड, तळाशी अन्न-पाणी, मध्ये आपुलकी, टोकाला स्वतःची घडण. नावं कशी छान रांगेत उभी राहिली. गाडं अडलं ते उदाहरणांपाशी.

संख्याशास्त्राच्या माणसाला एक सवय असते. गट पाडायचे तर एक वस्तू एकाच गटात बसली पाहिजे. आणि इथं तर जे उचलावं ते चारही चौकोनांत पाय पसरून बसत होतं.

‘सवयीची खरेदी’ या चौकोनात त्यांनी मीठ लिहिलं. ग्राहकाचं गुंतणं कमी, फरक कमी, हात जाईल ते पाकीट. शेजारच्या टेबलावर अकाउंट्सच्या बाई पेपर तपासत होत्या. त्या मान वर न करताच म्हणाल्या, “आमच्याकडे नाही हं. ह्यांना ब्लडप्रेशर आहे. मिठाच्या पाकिटामागचं बारीक अक्षर मी भिंग घेऊन वाचते.”

मॅडमनी मीठ तसंच ठेवलं, पण मनात खुट्ट झालं. ‘बदल हवा म्हणून खरेदी’ या चौकोनात बिस्किटं लिहिली. जुनं वाईट नसतं, पण चव पालटावी म्हणून माणूस दुसरा पुडा उचलतो. चहा घेऊन आलेल्या शिपाईकाकांना त्यांनी विचारलं, “काका, तुम्ही दर वेळी वेगळी बिस्किटं आणता, ती चव बदलावी म्हणून ना?”

“छे हो. दुकानदाराकडं असतील ती आणतो. परवाची त्याच्याकडं संपली होती.”

“मग ते बदल हवा म्हणून नाही झालं,” मॅडम पुटपुटल्या. “ते नाइलाज म्हणून झालं.”

“नाइलाजाचा चौकोन नाही का त्यात?” अकाउंट्सच्या बाईंनी विचारलं.

नव्हता. मॅडमच्या डोक्याला मुंग्या आल्या. तिसऱ्या चौकोनात पडदे गेले. खर्चीक वस्तू, पण दुकानात सगळे सारखेच वाटतात. मग घेतल्यावर मनाला चुटपुट लागते आणि माणूस येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत सुटतो, ‘बरे आहेत ना?’ चौथ्यात लॅपटॉप. उरले पाच टप्पे आणि पाच भूमिका. त्यांना मात्र एकदम घरातलंच उदाहरण सापडलं. सासऱ्यांचं कानाचं मशीन.

मशीन दोन महिन्यांपूर्वी घेतलं होतं. टीव्हीचा आवाज जिन्यापर्यंत जायचा, हे झालं गरज जाणवणं. दोन दवाखान्यांत चौकशी, ही माहिती. तीन मशीनं तोलून पाहिली आणि एक घेतलं. भूमिकाही चपखल बसल्या. सुचवणारा नवरा, मत घडवणारे कानाचे डॉक्टर, ठरवणाऱ्या मॅडम स्वतः, विकत घेणारा पुन्हा नवरा आणि वापरणारे सासरे. नावं न घालता, ‘एका घरात’ म्हणून त्यांनी सगळं लिहून काढलं, छापलं आणि शनिवारी सकाळी घरी जेवणाच्या टेबलावर कागद ठेवून त्या कपडे वाळत घालायला गेल्या.

सासरे छापखान्यात एकतीस वर्षं मुद्रितशोधक होते. निवृत्तीला चौदा वर्षं झाली तरी खिशातलं लाल पेन सुटलं नव्हतं. औषधाच्या चिठ्ठीपासून लग्नाच्या पत्रिकेपर्यंत घरात आलेला छापील कागद त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय राहत नसे. मॅडम परत आल्या तेव्हा दोन पानांवर सात लाल खुणा होत्या. पाच र्‍हस्व-दीर्घाच्या. सहावी खूण ‘गरज जाणवणं’ या शब्दांपुढं, समासात एकच शब्द: कोणाला? आणि सातवी ‘वापरणारा’पुढं एक मोठं प्रश्नचिन्ह.

“बाबा, हे काय?” मॅडमनी मोठ्यानं विचारलं.

“ओरडू नकोस, समोर ये. तोंड दिसलं की कळतं मला.” सासऱ्यांनी चष्मा काढला. “हा म्हातारा मीच ना?”

मॅडमना मेल्याहून मेल्यासारखं झालं. “नाव नाही घातलं मी कुठं.”

“नाव नको घालूस. चूक तर घालू नकोस. मला कुठली गरज जाणवली? टीव्ही मला बरोबर ऐकू येत होता. त्रास तुम्हाला होत होता. आणि वापरणारा म्हणून मला लिहिलंयस. मशीन कपाटात आहे. कपाटाला लिही वापरणारं.”

मॅडम हसायला गेल्या आणि अर्ध्यात थांबल्या. त्यांनी पुस्तक उघडलं. आपली आत्ताची स्थिती आणि हवी असलेली स्थिती यांतलं अंतर ग्राहकाला जाणवतं, तिथून खरेदी सुरू होते, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. पण ग्राहक कोण? पैसे भरणारा? कान असणारा? एकाच माणसाकडं अनेक भूमिका असू शकतात, असंही होतं. वापरणारा वापरतच नसेल तर काय म्हणायचं, हे मात्र बेचाळीस पानांत कुठं नव्हतं. आगीतून फुफाट्यात पडल्यासारखं झालं.

“पण तुम्ही वापरत का नाही?” त्यांनी विचारलं. दोन महिन्यांत हा प्रश्न घरात दहादा विचारला गेला होता, पण दर वेळी तक्रारीच्या सुरात. आज त्यांना खरोखरच कळत नव्हतं.

सासऱ्यांनी लाल पेनाला टोपण लावलं. “चमचा ताटलीत पडला की डोक्यात घंटा वाजते. वर्तमानपत्र उलगडलं की पत्रा फाडल्यासारखं. आणि तू बोललीस की तू लांब आणि नळ जवळ. असलं ऐकण्यापेक्षा शांतता बरी.”

“अहो, ते कमी-जास्त करून मिळतं! नवीन मशीनचं तसंच होतं सुरुवातीला. हळूहळू सवय होते आणि पंधरा दिवसांनी बोलावलंही होतं आवाज जुळवायला.”

“कोणाला सांगितलं हे?”

“यांना. दवाखान्यातल्या त्या बाईंनी सगळं समजावून...” मॅडमचं वाक्य तिथंच लुळं पडलं. त्यांना ती खोली आठवली. मशीन लावून पाहून पुन्हा काढलं होतं, डबीत भरत होते. नवरा टेबलापाशी उभा राहून कानात प्राण आणून ऐकत होता. सासरे मागच्या खुर्चीवर, रिकाम्या कानांनी, भिंतीवरचं कानाचं चित्र पाहत बसले होते. सूचना विकत घेणाऱ्याला मिळाल्या होत्या. वापरणाऱ्याला डबी.

“मला वाटलं, मशीन म्हणजे असंच असतं,” सासरे म्हणाले. “तुम्ही एवढं आणलंत, मग कुठं वाईट म्हणा?”

मॅडमनी दवाखान्यात फोन केला. चारची वेळ मिळाली. मशीन जुळवून देणाऱ्या ऑडिओलॉजिस्ट बाई तरुण होत्या. त्या सवयीप्रमाणं मॅडमकडं पाहून बोलायला लागल्या, तशा मॅडमनी खुर्ची मागं ओढली आणि म्हणाल्या, “त्यांच्याशी बोला. समोर तोंड करून.” मशीन कॉम्प्युटरला जोडलं गेलं. बाईंनी चमचा कपावर वाजवला, कागद चुरगाळला, मग हलक्या आवाजात आठवड्याचे वार म्हटले. सासरे दर वेळी हाताच्या बोटांनी दाखवत होते, अजून कमी, अजून थोडं. पाऊण तास गेला. “आधी रोज एक-दोन तास घाला, घरातल्या शांत खोलीत,” बाईंनी सांगितलं. “मग वाढवा. तीन आठवड्यांनी पुन्हा या.”

“आता कसं?” रिक्षात मॅडमनी विचारलं.

“रिक्षा वाईट वाजते,” सासरे म्हणाले. “पण रिक्षा वाईटच आहे.”

रविवारी त्यांनी मशीन घातलं, दोन तासांनी काढून ठेवलं. टीव्ही पाहताना घातलं नाहीच. टीव्हीचा आवाज होता तिथंच, जिन्यापर्यंत. सकाळी फिरायला जाताना, बागेतल्या बाकावरच्या मित्रांसाठी मात्र आठवणीनं घातलं. मॅडमना काही उमगेना. ज्या गरजेसाठी मशीन आणलं ती तशीच, आणि वापर सुरू झाला तो भलत्याच गरजेसाठी. मित्रांत बसायचं म्हणजे पिरॅमिडची मधली, आपुलकीची पायरी. मग मशीन त्या पिरॅमिडाखाली लिहायचं? आणि खरेदीला दोन महिने होऊन गेल्यावर आता पहिला टप्पा लागला म्हणायचं का?

सोमवारी त्यांनी कागद प्रमुखांपुढं ठेवला. मीठ, बिस्किटं, पडदे, लॅपटॉप जागच्या जागी होते. पाच भूमिकांत ‘ठरवणारा’ आणि ‘वापरणारा’ यांपुढं मात्र रिकामी रेघ होती, आणि खाली एक ओळ: वस्तू कपाटात पडून असेल तर कोणती भूमिका कोणाची, ते कारणासह लिहा.

“हे काय? उत्तर कुठंय?”

“मला खात्री नाही, सर.”

“तुम्हाला खात्री नाही, तर मुलांना काय कळणार?” प्रमुखांनी कपाळाला हात लावला. पण झेरॉक्सवाला खाली थांबला होता, तासाची घंटा झाली होती. त्यांनी सही करून टाकली.

वर्गात भंबेरी उडाली. कोणी म्हणालं डॉक्टर ठरवणारे, कोणी म्हणालं सून. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. “मॅडम, आजोबांनी कपाटात ठेवायचं ठरवलं, म्हणजे ठरवणारे तेच ना?”

“तो खरेदीचा निर्णय नाही,” मॅडम म्हणाल्या. “खरेदीनंतरचं वागणं आहे.” आणि मग, जरा थांबून, “बहुतेक.”

शुक्रवारच्या चाचणीत एकसष्ट मुलांनी तो प्रश्न सोडवला. घरी जेवणाच्या टेबलावर मॅडमनी, सवय सुटेना म्हणून, वारंवारतेचा तक्ता मांडला. ठरवणारा मुलगा, तेवीस. सून, एकोणीस. डॉक्टर, नऊ. आजोबा, आठ. दोघांनी लिहिलं होतं, कोणीच नाही. सरासरी काढावी अशी ती गोष्टच नव्हती. शेवटी ज्यांनी कारण दिलं होतं त्या सगळ्यांना त्यांनी पूर्ण गुण दिले.

“किती जण पास?” समोरून सासऱ्यांनी विचारलं. कानात मशीन होतं.

“सगळे,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “उत्तर मात्र मला अजून माहीत नाही.”

“ऐकू आलं,” सासरे म्हणाले आणि त्यांनी गठ्ठ्यातली वरची उत्तरपत्रिका र्‍हस्व-दीर्घ तपासायला ओढून घेतली.