टोकावरचा रुपया

अकोल्याच्या त्या कॉलेजात मी अकरावी सायन्सले बसली होती. हासू नका. पहिल्याच बाकावर बसली होती, लुगड्यात. माझ्या बाजूले वॉचमन, त्याच्या मागं कँटीनवाली सुंदराबाई, अन् तिच्या मागं दुसऱ्या कोण्या उमेदवाराचा सासरा, जो बसल्याबरोबर घोरू लागला. इतका घोरला का फळ्यावरचा खडू खाली पडला. बरं, खडू पंख्यानं पडला असन.

झालं असं, का माझी नात रागिणी हिचा तिथं मुलाखतीचा पाठ होता. फिजिक्सची पर्मनंट जागा. आता पाठ घ्याचा म्हणजे पोट्टे पाहिजेत, अन् मे महिन्यात पोट्टे कुठून आणता? मंग शिपायानं जो दिसन त्याले धरून बाकावर बसवलं. मी रागिणीसोबत अमरावतीहून एस.टी.नं आली होती, व्हरांड्यात पाणी पिऊन राहिली होती. मलेबी धरलं.

"आजी, गुपचूप बसजो," रागिणी कानात म्हणे. "काई बोलू नोको."

"मी कधी बोलतो व माय?"

राजापेठेतल्या क्लासमधे ती तासावर शिकवते, उन्हाळ्यात तास नाई तं पगार नाई. वयाची अट सरत आली होती. ही जागा गेली का पुढं अर्जच करता येणार नव्हता. घरी हे सगळ्याइले माहीत होतं, म्हणून कोणी बोलत नव्हतं.

समोर दोघं बसले होते. एक संस्थेचे अध्यक्ष जानरावभाऊ. त्याइचं पोट आधी वर्गात आलं, मंग भाऊ आले. दुसऱ्या कौशल्या मॅडम, फिजिक्सच्या तज्ज्ञ. रागिणीले एम.एस्सी.ले त्याइनंच शिकवलं होतं. त्या दिसल्या तशी पोरीच्या तोंडावर थोडी जान आली.

रागिणीनं टेबलाच्या कडेले बिजागरी लावून एक मीटरची लाकडी पट्टी बसवली होती. पट्टीचं एक टोक बिजागरीत, दुसरं मोकळं, बाहेर हवेत. मोकळं टोक बोटानं आडवं तोलून धरलं अन् पट्टीवर ओळीनं रुपये मांडले, टोकापर्यंत.

"मी बोट काढलं तं काय होईन?" तिनं इचारलं.

"पट्टी पडन, पैसे पडतीन," वॉचमन म्हणे.

"सोबत?"

"सोबतच ना, ताई."

तिनं बोट काढलं. अन् खरं सांगतो, टोकावरचा रुपया हवेतच राह्यला! पट्टी खालून सटकून गेली. रुपया तिथं थांबला, त्यानं जांभई देल्ली, इकडं तिकडं पाह्यलं अन् मंग खाली आला. बरं, जांभई नाई देल्ली. पण मागं राह्यला हे खरं, रागिणीनं मोबाइलवर हळू चालवून सगळ्याइले दाखवलं. टोकाकडचे रुपये पट्टीपासून सुटले होते. बिजागरीजवळचे मात्र सुरुवातीले पट्टीले चिकटूनच होते.

"आता काहून?" मीच इचारलं. राहवलं नाई.

रागिणीनं डोळे वटारले, पण उत्तर देल्लं. "रुपया मोकळा हाय, आजी. तो आपल्या चालीनं पडते, जशी कोणतीबी सुटी वस्तू पडते. पट्टी मोकळी नाई. तिचं एक टोक बांधलेलं, म्हणून ती पडत नाई, फिरते. अख्खी पट्टी ताठ, सगळ्याइले सोबत फिरा लागते. बिजागरीजवळचं लाकूड मोकळं असतं तं जास्त जोरात पडलं असतं, पण त्याले हळू यावं लागते. त्याचा उरलेला जोर टोकाच्या लाकडाले ओढते. म्हणून टोक सुट्या वस्तूपेक्षा जोरात खाली जाते. आडव्या पट्टीचं टोक सुटल्या क्षणी दीडपट."

"अन् मधातलं?" सुंदराबाई.

"बिजागरीपासून तीनात दोन हिस्से गेलं का तिथलं लाकूड बरोबर रुपयाच्याच चालीनं निंगते. त्याच्या अलीकडं हळू, पलीकडं जोरात."

सुंदराबाई म्हणे, "म्हणजे बांधलेली बाई मोकळीपेक्षा जोरात पळते." मले ते लय पटलं.

जानरावभाऊले नाई पटलं. उठले, वर्गाच्या दाराचं पितळी कुलूप काढलं, हे एवढं, कोंबडीएवढं. बाजूले ठेवलेल्या आपल्या सत्काराच्या गुच्छाची फीत सोडली. "ताई, पट्टी जोरात पाडाची तं टोकाले वजन बांधा ना. अजून जोरात पडन. रुपया अजून वर दिसन. पोरांले नीट दिसलं पाह्यजे."

"सर, वजन बांधलं तं उलटं होईन," रागिणी म्हणे.

"जड वस्तू हळू पडते का?"

"नाई सर. पण टोकालेच सगळं वजन आलं, तं ते वजन रुपयासारखंच पडन. पट्टीचा जोर त्याच्यापुढं कमी. ते दोघं जवळजवळ सोबतच जातीन. फरक दिसणारच नाई."

"बांधून तं पाहा!" भाऊ हासले. "कास्तकाराच्या पोराले शिकवता का जड काय अन् हलकं काय?"

कुलूप त्याइनंच बांधलं. रागिणीनं मॅडमकडं पाह्यलं. मॅडम पेनाचं टोपण लावत होत्या. काढत होत्या. लावत होत्या.

रागिणीनं रुपये पुन्हा मांडले, पट्टी सोडली. टोकावरचा रुपया पट्टीसोबतच गेला, जसं काई पोस्टाचं तिकीट. खाली पोचल्यावर घसरून फरशीवर वाजला.

"हं," भाऊ म्हणे. "तुमचा नियम फेल झाला."

"सर, नियमात हेच येते. मी आताच सांगितलं—"

"रुपया एका प्रयोगात वर राहते, दुसऱ्यात नाई राहत. आता काय लिहून घेतीन पोट्टे?" मंग मॅडमकडं वळले. "बोला तज्ज्ञ."

आता वर्गात इतकं शांत झालं का सासऱ्यानंबी घोरणं थांबवलं. मॅडम बोलल्या, "ठीक आहे. पुढचा उमेदवार पाठवा."

मी हात वर केला. "मॅडम, पोरगी म्हणली तसंच झालं ना पण? आधीच म्हणली होती ना?"

"ह्या आजी कोणत्या वर्गाच्या?" भाऊनं इचारलं.

"अकरावी. तुमच्यापेक्षा एक वर्ग पुढं."

सुंदराबाई पदर तोंडात कोंबून हासली. बाकी कोणी नाई. रागिणीनं कुलूप सोडलं, फीत नीट गुंडाळून भाऊच्या हातात देल्ली, रुपये वेचले.

मॅडम व्हरांड्यात मागं आल्या. "रागिणी, तुझं बरोबर होतं. अगदी बरोबर."

"मंग आत काहून नाई म्हणलं, मॅडम?"

"आत म्हणून काय झालं असतं? त्यांच्या माणसाचं नाव कालच ठरलं होतं. मलाही इथं पुढच्या वर्षी यायचं असतं."

रागिणीनं "हो मॅडम" म्हणलं. वाकून पायाबी पडली. मले तं मॅडमच्या पायावर ते कुलूप टाकावंसं वाटलं.

एस.टी.त तिले खिडकी देल्ली. मी सांगू लागली, का जानरावभाऊ कुलूप कमरेले बांधून गच्चीवरून उडाले अन् त्याइचं पोट आधी पोचलं. एरवी ह्यावर ती लोटपोट झाली असती.

"पट्टी क्लासमधे नेजो," मी म्हणलं. "तिथले पोट्टे पाहतीन."

"तिथं कोणाले पाहाचं नाई, आजी. चार पर्याय असतात. 'दीडपट'ले गोल करा, पुढं चला. काहून इचारलं तं सर म्हणतात टाइम जाते."

तेवढ्यात क्लासच्या सरचा मेसेज आला. पुढल्या साली तासावरच येणार का, पक्कं सांगा. तिनं लय वेळ बोट मोबाइलवर ठेवलं. मंग 'हो सर' लिहिलं अन् पाठवलं.

मूर्तिजापूर गेलं, बडनेरा आलं, ती बोलली नाई. मीबी नाई बोलली. अख्ख्या रस्त्यानं मी गप बसली हे गावात कोणाले सांगितलं, तं तेच तेवढं लोकाइले खोटं वाटते.