मुद्दा क्रमांक चार

मुद्दा ४, पहिला मसुदा: "तिन्ही वारसांचं एकमत झालं आहे. आत्या हक्कसोड पत्रावर सही करणार आहेत."

(मूळ इंग्रजीत. इथे सगळे मुद्दे मराठीत दिले आहेत, म्हणजे कोल्हारच्या ओट्यावर बसलेल्यालाही कळतील.)

हे वाक्य दिशाने लिहिलेलं नाही. तिच्या फोनमधल्या एआयने लिहिलं. दिशाने फक्त "कोल्हार जमीन फायनल" या ग्रुपचं चॅट एक्स्पोर्ट केलं, अकरा आठवड्यांचे सहाशे अकरा मेसेज, आणि म्हणाली, याचे इंग्रजीत सात मुद्दे कर. पाणी उकळायच्या आत मुद्दे तयार.

ज्यांच्यासाठी: राजनंदिनी, टोरांटो. तिचे वडील अमृत या घरातला धाकटा मुलगा. ते आणि तिची आई दोघंही गेले. वाढली बंगळुरात. मराठी येतं ते "जेवलीस का" इथपर्यंत. आजोबा गहिनीनाथबाबा गेल्या श्रावणात वारले आणि त्यांच्या सहा एकरांना तीन वारस झाले: थोरली मुलगी गोजरबाई, म्हणजे आत्या, सोनईला दिलेली, मुलगा राधाकृष्ण, जो ती जमीन कसतो, आणि अमृतच्या जागी राजनंदिनी. राधाकृष्ण म्हणजे दिशाचे सासरे, तिचा नवरा पार्थ याचे वडील. घरात त्यांना आबा म्हणतात.

राजनंदिनीचा मेसेज, तोही मूळ इंग्रजीत, मंगळवार सकाळ: "वहिनी, गुरुवारी भारतीय दूतावासाच्या कचेरीत माझी वेळ आहे. मुखत्यारपत्र करून पाठवते, त्यावर पार्थदादा माझ्या वतीने सही करेल. पण मी नक्की कशाला हो म्हणतेय ते इंग्रजीत लिहून पाठव ना. आत्या सोडत असतील तर मीही सोडते. मला वाटतं तेच बरोबर."

आत्या सोडत असतील तर. सगळं या चार शब्दांवर उभं होतं.

मुद्दा ५, पहिला मसुदा: "आत्याला त्या बदल्यात कपडे मिळतील."

इथे दिशा हसली. आबांनी लिहिलं होतं, "आक्काचा साडीचोळीचा मान करू." बहिणीने हक्क सोडला की भावाने तिला साडी-चोळी करायची, ही इकडची रीत. मशीनला ती बाजारातली अदलाबदल वाटली. दिशाने ते खोडून नीट चार ओळी लिहिल्या. मशीन इथे चुकलं, तर आणखी कुठे चुकलं असेल? म्हणून ती एक्स्पोर्ट केलेलं चॅट पुन्हा पहिल्यापासून वाचायला बसली.

आणि तिला दिसलं: "मीडिया वगळला." "मीडिया वगळला." "मीडिया वगळला."

तिने मोजलं. त्रेचाळीस ओळी. नऊ लग्नाच्या पत्रिका, तीन सातबाऱ्याचे फोटो. उरलेल्या एकतीस, एकाच माणसाच्या.

गोजरबाई लिहीत नाहीत. त्यांना लिहिता येत नाही. त्या बोलतात, दोन-दोन, तीन-तीन मिनिटं, आणि पाठवून देतात. त्यांची सुरुवात नेहमी गाईपासून होते. वेली कशी हाय, दूध देती का, वासराला लस दिली का. त्यामुळे घरात कुणी ऐकत नाही. खाली आबा लिहितात, "ऐकलं आक्का 🙏". पार्थ अंगठा देतो.

दिशाच्या फोनवर त्या एकतीसही आवाजांपुढे हिरवा ठिपका होता. म्हणजे तिनेही एकही लावला नव्हता. हे तिला आवडलं नाही. ती फोन घेऊन कांद्याच्या चाळीत गेली, कारण तिथे कुणी येत नाही, आणि पहिल्यापासून ऐकायला लागली.

मेसेज २१४. आबा: "आक्काचं तर काही म्हणणं नाही. तिची सही होईल."

त्याच्याच खाली, दोन मिनिटं चाळीस सेकंद:

"राधू, वेली कशी हाय? तिला गूळ-पानी देत जा, दमती ती. बरं ऐक. तू वर लिवलंय म्हन, आक्काचं म्हननं न्हाई. आमची नात पूजा वाचून दाखवती मला सगळं. माझं म्हननं हाय. बाबांच्या मागं आपली तिघांची नावं लागू दे. तुझं, माझं, अमृतच्या पोरीचं. कसायची तूच, तुझी पोरं कसतील, मी एक शेंग मागायला यायची न्हाई. पन मी सही देनार असं कुनी लिवू नगा. मी तसं बोलले न्हाई."

खाली आबा: "ऐकलं आक्का 🙏". पार्थचा अंगठा.

दिशाने एकतीसही ऐकले. सहा वेळा, अकरा आठवड्यांत, गोजरबाईंनी तेच सांगितलं होतं. एकदाही आवाज चढवला नव्हता. प्रत्येक वेळी एक नवी गोष्ट जोडलेली, जागा सांगून, दिवस सांगून, तिथे कोण होतं ते सांगून. मशीनला सांगितलं असतं की मुद्देसूद लिही, तर त्याने याहून मुद्देसूद काय लिहिलं असतं? गाय वगळली तर सगळं होतं: कोण, काय, का, कधीपासून.

सतराव्यात:

"पोरीचं नाव काढायची घाई का? पच्छिमच्या बांधाची विहीर कुनी पाडली? अमृतनं. नोकरी लागल्या साली, वैशाखात सुट्टी काढून आला, अकोल्याकडची मानसं आनली, म्हैनाभर त्यांच्याबरोबर खाली उतरला. तू तापानं पडला व्हतास राधू, तुला दिसलं न्हाई. मी भाकरी पोचवत व्हते, मला दिसलं. ती पोर तिकडं परमुलखात. नाव हाय तवर तिला हिकडं यायला कारन हाय."

एकतिसावा सगळ्यात छोटा: "कुनी ऐकत न्हाई ते मला म्हाईतीय. मी काय येडी न्हाई. पन बोलले न्हाई असं उद्या कुनी म्हनू नये."

मुद्दा ४, दुसरा मसुदा: "एकमत झालेलं नाही. आत्यांनी सहा वेळा स्पष्ट सांगितलं आहे की त्या सही देणार नाहीत. तिन्ही वारसांची नावं सातबाऱ्यावर लागावीत, आणि जमीन राधाकृष्णकाकांनीच कसावी, असं त्यांचं म्हणणं आहे. हे आवाजी संदेशांत असल्याने वगळलं गेलं होतं. ते आम्ही कुणी ऐकले नव्हते. मीही नाही."

शेवटचे दोन शब्द तिने दोनदा खोडले आणि दोनदा लिहिले.

मग तिने जे केलं ते सोपं नव्हतं. हळूच पाठवून द्यायचं आणि गप्प बसायचं, हे सोपं होतं. ती ओट्यावर गेली आणि सासऱ्यांना सातही मुद्दे मराठीत वाचून दाखवले.

चौथ्याला आबांनी चहाचा कप खाली ठेवला.

"हे कुनाला विचारून लिवलं?"

"आत्याबाईंना ऐकून लिहिलं, आबा."

"तू कोंच्या घरची सून हायस गं? कोल्हारची का सोनईची?"

पार्थ दारातून म्हणाला, "आबा, आत्यानं वकील लावलाय. फी घेत न्हाई, फक्त चहा."

"तू गप," दिशा म्हणाली. "अंगठे कुणी दिले एकतीस?"

पार्थ दारातून मागे सरला.

"आक्काचा स्वभाव मला म्हाईत हाय," आबा म्हणाले. "ती बोलती, पन सही देती. इकडं समद्या बहिनी देत्यात. आन मी काय जमीन खायला मागतोय व्हय? उद्या ठिबकचा अर्ज करायचा, पाइपलाइन टाकायची, तर तीन सह्या. एक सोनईला, एक कॅनडात. दर कागदाला म्हैना. शेती सहीची वाट बघती का?"

"हे बरोबर आहे," दिशा म्हणाली. "हे तुमचं म्हणणं आहे आणि ते खरं आहे. मी त्याचा वेगळा मुद्दा करते."

तिने तिथेच केला, पुढचे मुद्दे एकेक खाली सरकवून. मुद्दा ६: "एका नावावर जमीन असली तर काकांना प्रत्येक अर्जासाठी तिघांच्या सह्या गोळा कराव्या लागणार नाहीत. जमीन गेली पंचवीस वर्षं तेच कसत आहेत. त्यांची अडचण खरी आहे." आबांना वाचून दाखवला. त्यांना त्यात काही खोडता आलं नाही.

"आता चौथा काढ."

"सहावा तुमचा आहे म्हणून ठेवला, चौथा आत्याबाईंचा आहे म्हणून कसा काढू? राजनंदिनीनं सही कशाच्या भरवशावर करायची ठरवलीय ते तिनंच लिहिलंय. आत्या सोडतात म्हणून." दिशाने फोन पुढे केला. "एकदा ऐका. मग काढा म्हणालात तर मी पाठवतच नाही. तुम्ही दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या."

तिने सतरावा लावला.

आबा ओट्याच्या कडेला बसून राहिले. विहिरीशी आल्यावर त्यांची मान जराशी वर झाली. संपल्यावर म्हणाले, "पुन्हा लाव."

पुन्हा लावला.

"वैशाख न्हाई," आबा म्हणाले. "चैत्र व्हता. मी चैत्रात पडलेलो. आक्का चुकली." आणि चहाचा कप उचलत, "बाकी बरूबर हाय."

"मग?"

"मग काय. पाठीव." ते उठले. "आन त्ये कसायचं माझ्याकडं ठेवते म्हनलीय, ते पयलं लिव. मागं नगं."

दिशाने ते वाक्य चौथ्या मुद्द्यात पहिलं आणलं. अर्थ बदलला नाही, आणि आबांना जे हवं होतं ते त्यांना मिळालं.

टोरांटोत सकाळ झाल्यावर राजनंदिनीचं उत्तर आलं. एकच प्रश्न: "मी सही केली नाही तर काकांचं आज काही अडेल का?"

दिशा गावातल्या सेवा केंद्रात अर्ज भरते, तिला हे माहीत होतं. तिने लिहिलं: "आज नाही. आता फक्त वारस नोंद करायची आहे. ती तिन्ही नावांनी होते. अर्ज काका करतील, तुझ्या सहीची आणि मुखत्यारपत्राची गरज नाही. तलाठी नोटीस काढतात, पंधरा दिवसांत हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. हक्क सोडायचा असेल तर तो नंतरही कधी सोडता येतो. सोडलेला परत घेणं अवघड."

दहा मिनिटांनी: "गुरुवारची वेळ रद्द केली. काकांना सांग, ठिबकच्या अर्जाला माझी सही लागली तर त्याच दिवशी पाठवेन. आणि ते आवाज मला पाठव. कळणार नाहीत. तरी पाठव."

बुधवारी दुपारी आबा सेवा केंद्रात आले. मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, चालू सातबारा, आठ-अ, सगळं पिशवीत. दिशाने वारसांचा तक्ता उघडला आणि सवयीने पहिल्या ओळीत अर्जदाराचं नाव घातलं.

"थांब," आबा म्हणाले. "वयानं लाव."

तिने खोडलं. पहिल्या ओळीत गोजरबाई, मुलगी. दुसऱ्या ओळीत राधाकृष्ण, मुलगा. तिसऱ्यात अमृत, मयत, आणि त्याखाली राजनंदिनी, नात.

"पत्ता?" दिशाने विचारलं.

आबांनी खिशातून कागद काढला. त्यावर टोरांटोचा पत्ता होता, मराठीत, त्यांच्या स्वतःच्या अक्षरात. फोनवर विचारून उतरवलेला. रस्त्याचं नाव दोन ठिकाणी खोडून नीट केलेलं.

"नोटीस तिकडं जाती का न्हाई म्हाईत न्हाई," ते म्हणाले. "पन पत्ता बरूबर पायजे."