सरासरी आठ लाख वीस हजार

प्रवेशाचं माहितीपत्रक छापायला जायचं होतं आणि पडताळणीच्या कागदावर तीनपैकी एकच सही राहिली होती, संख्याशास्त्राच्या मॅडमची. त्यांचा करार महिनाअखेरीस संपत होता आणि नवरा वर्षभर घरी बसून होता. सही लगेच मिळेल, असं प्लेसमेंट अधिकाऱ्याने गृहीत धरलं होतं.

"नोकरी लागलेले एकवीस. वार्षिक पगाराची सरासरी आठ लाख वीस हजार, मध्यक चार लाख, सर्वाधिक नऊ लाख," मॅडमनी वाचलं. "सर, हे तिन्ही एकत्र खरे असू शकत नाहीत."

"कॉम्प्युटरने काढलंय हो."

"चढत्या क्रमाने लावा. मधला, म्हणजे अकरावा, चार लाखांवर. त्याच्यासकट खालचे अकरा चारच्या वर जात नाहीत. वरच्या दहाही जणांना नऊ-नऊ देऊन टाका. चव्वेचाळीस आणि नव्वद, एकशे चौतीस. भागिले एकवीस. साडेसहासुद्धा होत नाहीत."

अधिकारी हसला. "हात्तिच्या! तो नव्वद लाखवाला सरासरीत राहिला."

संचालकांच्या पुतण्याला त्याच्याच बापाच्या कंपनीने नव्वद लाखांचं पत्र दिलं होतं. ओरड झाली, म्हणून सर्वाधिकाच्या रकान्यात दुसऱ्या क्रमांकाचे नऊ लाख घातले. सरासरीला कुणी हात लावला नव्हता.

"त्याला काढा. उरलेल्या वीस जणांची सरासरी चार लाख अकरा हजार येते."

"चार अकरा? मग दुकानाला कुलूपच लावू. बरं, उलटं सांगा. आठ वीस ठेवायचे तर सर्वाधिक किती हवा?"

वर्गात विचारावं तसं विचारलं, आणि वर्गात द्यावं तसं उत्तर त्यांच्या तोंडून निघून गेलं. "किमान बारा लाख ब्याऐंशी हजार."

त्याने नऊ खोडून तेरा लिहिले. "घ्या. बसतंय आता?"

बसत होतं. मॅडमना शिसारी आली, आधी स्वतःची.

"तेरा कुणाला मिळाले?"

"कुणालातरी."

"नेमणुकीची पत्रं दाखवा."

"गोपनीय असतात. मॅडम, तुमच्या कराराची फाईलही याच टेबलावरून जाते बरं का."

मॅडमनी पेन घेतलं. त्याने चहाचा कप प्रेमाने पुढे सरकवला. त्यांनी लिहिलं: 'पत्रे दाखवली नाहीत. माझ्यासमोर नऊचे तेरा केले. पडताळणी झालेली नाही.' खाली सही.

त्याने कागद वाचला आणि शांतपणे चार तुकडे केले. "नवा कागद काढू. दोन सह्या पुरतात आपल्याला. चहा घ्या ना, गार होतोय."

मॅडम उठल्या. बाहेर फीच्या खिडकीशी एक वडील मुलीला घेऊन उभे होते. ओळखपत्र पाहून त्यांनी विचारलं, "मॅडम, इथे सरासरी खरंच आठ लाखांची आहे का हो?"

"नाही. चार लाख अकरा हजार."

"पण आत तर सांगितलं..."

"मी आतूनच येतेय."

वडिलांनी चेक परत खिशात ठेवला. खिडकीतल्या कारकुनाने मॅडमकडे पाहत फोन उचलला.