नवव्या मिनिटातलं वांगं

सुचिताचा जीव थाऱ्यावर नव्हता. केनवडच्या तिच्या भाजीवाडीचे व्हिडिओ लोक पाच सेकंदांतच सोडून देत. तेवढ्यात तिचा नुसता नमस्कार व्हायचा. नव्या व्हिडिओसाठी तिने तीन सुरुवाती लिहिल्या आणि खोडल्या. शेवटी चिडून सगळं चित्रण पुन्हा पाहिलं.

नवव्या मिनिटाला सासू हौसाबाई मध्येच घुसली होती. तिने चकचकीत वांगं मोडलं, आत अळी वळवळली. "पाय वं, हे तुह्याआधी जेवून राह्यली!"

हाच तुकडा सुचिता कापून टाकणार होती. तोच तिने सुरुवातीला लावला आणि त्यावर लिहिलं, 'वांगं न मोडता ही अळी ओळखायची कशी?'

हौसाबाईने नवा व्हिडिओ पाहिला. "नमस्कार कुठी गेला वं?"

"काढला."

"बरं केलं. मी बी तिथूनच उठून जात होती."